पहाटे पिकअप अडते ती थंडीने की पाण्याने?

प्रश्न: निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बीएस-6 पिकअप आठवडाभर पहाटे सुरू व्हायला त्रास देते. सुरू झाली तरी झटके मारते, पांढरा धूर सोडते. एक मेकॅनिक म्हणतो थंडीने डिझेल गोठलं, लिटरभर रॉकेल घाला. दुसरा म्हणतो पंपावरूनच पाणी आलं, पंप बदला. कोणाचं ऐकू? आणि नाशिक भागात डिझेलसाठी पंप निवडताना नक्की काय बघायचं?

उत्तर:

रॉकेल घालू नका, आणि खरं कारण सापडेपर्यंत सेल्फ मारत बसू नका. दोन्ही मेकॅनिकनी बाटलीत डिझेल काढून न बघता निकाल दिलेला दिसतो. मी नाशिकच्या अंबडला डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं काम करतो, त्यात आता अठ्ठावीस वर्षं झाली. दर डिसेंबर-जानेवारीत तुमच्यासारख्या आठ-दहा गाड्या येतात. त्यातली खरोखर डिझेल गोठलेली गाडी मला नाशिक जिल्ह्यात दोन-तीनदाच भेटली. बाकी सगळं पाणी, नाहीतर हीटर प्लग आणि बॅटरी.

ही तीन कारणं गाडीच्या वागण्यावरूनच बरीचशी वेगळी काढता येतात. हीटर प्लग किंवा बॅटरी कमजोर असेल तर गाडी पकडायला वेळ लावते, पांढरा धूर सोडते, पण एकदा इंजिन तापलं की दोन मिनिटांत शहाण्यासारखी चालते आणि दिवसभर तक्रार करत नाही. डिझेल गोठलं असेल तर उलट होतं. रात्री लाइनमध्ये राहिलेल्या डिझेलवर गाडी सहज सुरू होते, पाचशे मीटर, किलोमीटरभर जाते आणि मग हळूहळू दम सोडून बंद पडते, कारण फिल्टर मेणाने बुजत जातो. त्यात झटके नसतात, खडखड नसते, नुसता जीव जातो. पाणी असेल तर सुरू होण्यापासूनच गडबड असते, आयडलिंग एकसारखं राहत नाही, झटके बसतात, धूर येतो, आणि उन्हं वर आल्यावरही चढाला किंवा माल भरल्यावर पुन्हा तेच. तुम्ही लिहिलेली लक्षणं मला तिसऱ्या जातीची वाटतात. पण लक्षणांवर माझंही ऐकू नका, बाटली बघा.

उद्या पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, चावी बंद ठेवून फिल्टरच्या बुडाचा ड्रेनचा स्क्रू सैल करा आणि एका स्वच्छ काचेच्या बाटलीत पाव लिटर डिझेल काढा. आधीच सांगतो, फिल्टरच्या पुढचे, म्हणजे हायप्रेशर पंपापासून इंजेक्टरकडे जाणारे नट कोणी सैल करायला सांगितले तर नाही म्हणा. कॉमन रेल गाडीत चालू इंजिनला तिथे सोळाशे बारच्या घरात दाब असतो, ती धार हाताच्या कातडीतून आत शिरते. आपलं काम फक्त फिल्टरच्या बुडाशी आहे.

ती बाटली सपाट जागी अर्धा तास ठेवा, मग हळूच तिरपी करा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल, किंवा पाऱ्यासारखे गोल थेंब तळावर घरंगळताना दिसतील. खात्री हवी असेल तर जिलेबीत घालायच्या रंगाची चिमूट टाका. तो रंग डिझेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. तळाशी केशरी थेंब झाले की वाद संपला. आता समजा थेंब नाहीत, पण सगळंच डिझेल धुरकट, ताकाच्या निवळीसारखं दिसतंय. मग बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा. पूर्ण निवळली आणि पुन्हा रात्रभर बाहेर ठेवल्यावर पहाटे तशीच गढूळ झाली, तळाशी काहीच साचलं नाही, तर ते मेण धरायला लागलेलं आहे. बाटली पहाटेही लख्ख पारदर्शक असेल तर डिझेलला दोष देऊ नका, हीटर प्लग तपासा.

आता गोठण्याची गोष्ट, कारण निफाडचं नाव आलं की सगळ्यांना तेच आठवतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात फोटो येतो, आणि त्या दिवशी माझ्याकडे 'डिझेल गोठलं' म्हणून फोन येतात. डिझेलमध्ये मुळातच थोडं मेण विरघळलेलं असतं. थंडी वाढली की त्याचे बारीक स्फटिक होतात आणि ते फिल्टरच्या कागदावर बसतात. नुसतं मेण दिसू लागणं आणि फिल्टर बुजणं यांत अंतर आहे, आणि गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते फिल्टर बुजण्याचं तापमान. भारतीय मानक आयएस 1460 मध्ये त्याची कमाल मर्यादा दिलेली आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हिवाळी डिझेलसाठी 6 अंश, बाकीच्या महिन्यांसाठी 18 अंश. म्हणजे हिवाळ्यात विकलेलं डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं, आणि प्रत्यक्षात ते बहुतेकदा त्याहूनही खाली जातं.

निफाडला पहाटे पाच अंश झाले तरी ते मोकळ्या हवेचं तापमान. साठ लिटरची टाकी, तीही गोठ्याच्या आडोशाला उभ्या गाडीची, एका रात्रीत तेवढी गार होत नाही. म्हणून ताज्या, जानेवारीत भरलेल्या डिझेलवर निफाडमध्ये गाडी गोठते हे मी सहज मान्य करत नाही. पण ही मर्यादा महिन्यावर ठरते, आणि हीच गोष्ट शेतकऱ्यांना कोणी सांगत नाही. नोव्हेंबरआधी भरून ठेवलेलं डिझेल उन्हाळी असतं. ते ड्रममध्ये राहिलं आणि जानेवारीत काढलं तर ते गारठ्यासाठी बनवलेलंच नव्हतं. मी पाहिलेल्या त्या दोन-तीन गाड्यांपैकी दोन अशाच होत्या, साठवलेल्या जुन्या डिझेलवर चाललेल्या.

अशी गाडी अडलीच तर तिला उन्हात उभी करा, फिल्टरवर कोमट पाण्याचं फडकं गुंडाळा, ती आपली आपण सुटते. टाकीखाली काटक्या पेटवणारे लोक मी पाहिले आहेत, तुम्ही त्यांत जाऊ नका. रॉकेल घालणं हा जुन्या ट्रकवाल्यांचा उपाय. त्या इंजिनांना तो खपत होता. आपल्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखात दहा भागांपेक्षा जास्त नसतं, आणि मागचा धुराचा फिल्टर व कॅटलिस्ट त्याच हिशोबाने बनवलेले असतात. रेशनच्या रॉकेलमध्ये गंधक त्याच्या कितीतरी पट असतं, वर त्याला वंगणपणा नाही, त्यामुळे हायप्रेशर पंपही घासतो. बाजारात मिळणारी 'गोठू न देणारी' बाटली मेण धरायच्या आधी घातली तरच उपयोगाची, एकदा मेण धरल्यावर ती ओतून काही होत नाही. द्राक्षं घेऊन उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी नाशिकचं डिझेल पोटात घेऊन बर्फाच्या मुलखात शिरू नये, डोंगर चढायच्या आधी तिथल्या पंपावर टाकी भरावी. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याला त्याची गरज नाही.

आता पाण्याकडे येतो. एक गाडी तपशिलात सांगतो, कारण तुमची गोष्ट तिच्यासारखी निघण्याची बरीच शक्यता आहे.

जानेवारी 2024 मधली गोष्ट. निफाडकडचे एक बागायतदार अप्पा पिकअप टोइंग करून घेऊन आले. चार सिलिंडर, कॉमन रेल, तुमच्यासारखीच. उतरता उतरताच म्हणाले, "मिस्तरी, सहा वर्षं एकाच पंपावर भरतोय, आणि त्याने शेवटी दगा दिला." त्यांनी पंपाला कोर्टात खेचायची भाषा सुरू केली होती. आम्ही फिल्टरचा ड्रेन खोलला, तर पहिल्या फटक्यात दीडशे मिली निव्वळ पाणी आलं, डिझेलचा वासही धड नाही. टाकी उतरवली. आत पंचवीसेक लिटर होतं. ते पांढऱ्या कॅनमध्ये ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी सव्वा लिटर पाणी, आणि पाणी व डिझेल यांच्या मधोमध काळसर, शेवाळासारखी बुळबुळीत साय. ती साय बघितली आणि मला पंपाचा संशय कमी वाटू लागला. पाणी आणि डिझेल यांच्या हद्दीवर सूक्ष्मजंतू वाढतात, ती त्यांचीच घाण असते, आणि ती काल-परवाच्या पाण्यात होत नाही. पाणी कुठेतरी महिनोन् महिने शांत पडून असावं लागतं.

मी विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत पंपाशिवाय दुसरीकडचं डिझेल टाकीत पडलंय का?" अप्पा ठाम नाही म्हणाले. त्यांचा मुलगा मागे उभा होता, तो जरा चाचरत बोलला, "अप्पा, संपाच्या वेळी शेडमधल्या ड्रममधलं टाकलं होतं ना."

आठवत असेल, त्या महिन्याच्या सुरुवातीला ट्रक-टँकर चालकांनी हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून गाड्या उभ्या केल्या होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर सुटेनात आणि आपल्याकडचे पंप दोन दिवसांत कोरडे झाले. अप्पांकडे पावसाळ्याआधी भरून ठेवलेला दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम होता, अडीअडचणीसाठी. त्या दिवशी तो उघडला, हातपंप लावला आणि तीस लिटर गाडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रम बघायला गेलो. ड्रम उभा, शेडच्या कडेला, वरचं पत्र्याचं छप्पर अर्ध्यावर संपलेलं. ड्रमच्या माथ्यावर कड असते, ती दोनेक सेंटीमीटर उंच. त्या कडेच्या आत गंजाचं गोल वलय होतं, म्हणजे तिथे पाणी साचून साचून सुकलेलं. बूच लावलेलं होतं, पण वॉशर कडक होऊन चिरलेला. स्टीलच्या पट्टीला पाणी शोधायची पेस्ट लावून ती तळापर्यंत उभी सोडली. वर काढली तर खालचे दोन सेंटीमीटर रंग बदललेला. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ पाच लिटर पाणी. आणि हातपंपाची नळी थेट तळाला टेकलेली, त्यामुळे पहिले काही हात मारले तेव्हा गाडीत गेलं ते पाणीच.

बूच लावलेल्या ड्रममध्ये पाच लिटर पाणी गेलं कसं, हा अप्पांचाही प्रश्न होता. दिवसा ड्रम उन्हाने तापतो, आतली हवा फुगते आणि चिरलेल्या वॉशरमधून बाहेर जाते. संध्याकाळी पाऊस येतो, ड्रम झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि ड्रम श्वास आत ओढतो. बुचावर त्या वेळी पाण्याचं तळं असेल तर तो हवेऐवजी पाणी ओढतो. परतीच्या पावसाच्या पाच-सात संध्याकाळी असं झालं की पुरे. ड्रम आडवा ठेवला, दोन्ही बुचं डिझेलच्या पातळीखाली येतील असा, किंवा निदान तिरका करून बूच उंच बाजूला ठेवलं, तर माथ्यावरचं पाणी बुचापाशी थांबतच नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी अप्पांचे चारपैकी दोन इंजेक्टर गेले. रिटर्न टेस्टला ते दोन बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल मागे सोडत होते, उघडल्यावर आतल्या सुईला गंज होता. इंजेक्टरची सुई डिझेलच्याच वंगणावर चालते, पाणी आलं की ती सुकी घासते, आणि तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ झाली की टोकही तुटू शकतं. दोन इंजेक्टर, फिल्टर, टाकीची धुलाई, लाइन फ्लश, मजुरी, असं धरून बिल पाच आकड्यांत गेलं. ज्या पंपाला ते कोर्टात खेचणार होते त्याचा यात काडीचा दोष नव्हता.

इथे हिवाळ्यात दर दुसरा माणूस सांगतो ते तपासून घेऊ: 'अर्धी टाकी रिकामी ठेवली की आत दव पडतं, त्याचं पाणी होतं.' होतं, पण किती ते बघा. साठ लिटरच्या टाकीत तीस लिटर हवा आहे. 25 अंशांची, पूर्ण दमट हवा घेतली तरी एका घनमीटरमध्ये 23 ग्रॅम वाफ असते. तीस लिटर हवेत म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत. ती सगळीच्या सगळी पाणी झाली तरी चमच्याचा एक कोपरा भरेल, आणि एका रात्रीत टाकीतली सगळी हवा बदलतही नाही. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत ते थोडं थोडं साठतं, हे खरं. पण फिल्टरमधून दीडशे मिली पाणी आलं तर ते दवाचं नाही. ते कुठून तरी पाणी म्हणूनच आत आलेलं आहे, आणि ती वाट शोधल्याशिवाय गाडी नीट करून काही फायदा नाही.

म्हणून तुमच्या बाटलीत पाणी निघालं तर स्वतःला तोच प्रश्न विचारा जो मी अप्पांना विचारला. ड्रम, कॅन, शेजाऱ्याकडून घेतलेलं पाच लिटर, ट्रॅक्टरच्या टाकीतून काढलेलं. मग टाकीचं झाकण बघा. त्याचं रबर चपटं झालेलं असेल आणि गाडी रोज प्रेशर पंपाने धुतली जात असेल, तर पाणी तिथूनही जातं. द्राक्षाच्या हंगामात फवारणीच्या ब्लोअरबरोबर गाडीही धुवायची सवय असते, ती धार झाकणावर थेट मारू नका. ही सगळी दारं बंद निघाली, तर मग पंपाकडे वळा. पाणी काढायला टाकीत स्पिरिट किंवा पेट्रोल ओतायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. स्पिरिट पाणी नाहीसं करत नाही, ते तळाशी शांत बसलेलं पाणी इंजेक्टरपर्यंत पोहोचवतं.

पंपावरून पाणी येतंच नाही, असं मी म्हणत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये एका आठवड्यात माझ्याकडे तीन गाड्या आल्या, तिन्ही एकाच रस्त्यावरच्या एकाच पंपावर भरलेल्या, तिन्हींत पाणी. आधल्या रात्री धो-धो पाऊस झालेला आणि पंपाचं आवार रस्त्यापेक्षा खोलगट होतं, म्हणजे पावसाचं पाणी टाकीच्या मॅनहोलवर तुंबलं होतं. हेच पंपाच्या पाण्याचं ओळखचिन्ह आहे: एकाच दिवशी, एकाच ठिकाणी भरलेल्या एकाहून जास्त गाड्या. तुमची एकटीच गाडी त्रास देत असेल आणि त्याच पंपावर भरणारे शेजारी मजेत असतील, तर दोष बहुतेक घरातच आहे.

पंपाची जमिनीखालची टाकी समजून घेतली की काय बघायचं ते आपोआप कळतं. डिझेल पाण्याहून हलकं, म्हणून पाणी तळाला. पंपाची ओढणारी नळी तळापासून काही इंच वर असते, त्यामुळे तळाचं थोडं पाणी ग्राहकापर्यंत येत नाही. येतं दोन वेळा. एक, पाण्याची पातळी नळीपर्यंत चढली तर. दोन, टँकर खाली होताना. हजारो लिटर डिझेल वरून कोसळतं, तळाचं पाणी आणि गाळ सगळं ढवळून निघतं, आणि खाली बसायला काही तास लागतात. म्हणून माझा पहिला नियम असा की टँकर उभा दिसला, नळी जोडलेली दिसली, तर पुढच्या पंपावर जा, किंवा दुसऱ्या दिवशी या. गर्दीच्या पंपावर डिझेल ताजं असतं, पण तिथे टँकरही जास्त वेळा येतो. गर्दी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरं, आवार बघा. टाक्यांच्या मॅनहोलची झाकणं फरशीपेक्षा वर उचललेली आहेत का, की खड्ड्यात आहेत? मोठ्या पावसानंतर तिथून जाताना एकदा नजर टाका. इगतपुरी-घोटीकडच्या पावसात हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं, निफाड-पिंपळगावला त्यामानाने कमी. माझ्या मते हिवाळ्यात पंप निवडायची परीक्षा पावसाळ्यातच होते.

तिसरं, विचारा. पंपवाल्याने रोज सकाळी विक्री सुरू करण्याआधी टाकीत काठी सोडून पेस्टने पाणी तपासायचं असतं आणि नोंद ठेवायची असते. "आजचा वॉटर डिप किती?" असं विचारल्यावर मॅनेजरने रजिस्टर उघडून दाखवलं, तर तो पंप माझ्या यादीत वर जातो. चिडला, तर खाली. डेन्सिटी तर बोर्डावर किंवा बिलावर लिहिलेली असते, ती तुम्हालाही जारमध्ये मोजून दाखवायला सांगता येते.

डेन्सिटीबद्दल मात्र एक गैरसमज आहे, तो काढून टाकतो. डेन्सिटीने पाणी सापडत नाही. पाणी डिझेलमध्ये मिसळतच नाही, तळाला बसतं, आणि वरच्या डिझेलची डेन्सिटी जशीच्या तशी राहते. डेन्सिटीने सापडतं ते रॉकेलसारखं मिसळलेलं हलकं तेल. समजा 24 अंशांना जारमध्ये हायड्रोमीटर 0.8240 दाखवतोय. तापमान एक अंशाने बदललं की डेन्सिटी साधारण 0.0007 ने बदलते, आणि डेपोच्या चलनावरचा आकडा 15 अंशांचा असतो, म्हणून तिथवर आणायला नऊ अंशांचे 0.0063 मिळवा, झाले 0.8303. पंपावर खरं गणित तक्त्यावरून करतात, पण अंदाजाला हे चालतं. डेपोच्या चलनावर 0.8318 असेल तर फरक 0.0015, आणि परवानगी 0.0030 पर्यंत आहे, म्हणजे बरोबर. वीस टक्के रॉकेल घातलं तर आकडा 0.008 च्या आसपास घसरतो, ते लगेच कळतं. पाच टक्के घातलं तर 0.002 च्या आसपास, ते या चाचणीतून निसटतं. म्हणून डेन्सिटी बरोबर आली म्हणजे डिझेल शुद्ध, असं समजू नका. तो फिल्टर पेपरवर थेंब टाकायचा प्रकार तर पेट्रोलसाठी आहे, डिझेलवर त्याचा काही उपयोग नाही. आणि पाच लिटरच्या मापाने फक्त माप कळतं, माल नाही.

बायपासला कुठे कुठे 'बायोडिझेल' लिहिलेले स्वस्त पंप दिसतात, लिटरमागे दहा-पंधरा रुपये कमी. त्यातलं नक्की काय आहे हे बाटली बघून मलाही सांगता येत नाही. त्यावर चाललेली गाडी मी वर्कशॉपमध्ये घेतो, पण इंजेक्टरची वॉरंटी देत नाही.

पंपावर पाणी मिळाल्याचं खरंच वाटलं तर हे करा. गाडी तिथून पुढे नेऊ नका. बिल असू द्या, त्यावर वेळ असते. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्यांत नमुना घ्या, एक फिल्टरमधून, एक पंपाच्या नोझलमधून, तोही मॅनेजरसमोर. दोन्हींवर तारीख लिहून त्याची सही घ्या. त्याच्यासमोरच टाकीत पेस्ट लावलेली काठी सोडायला सांगा. टँकर उतरवताना घेतलेले सीलबंद नमुने पंपावर ठेवलेले असतात, कंपनीच्या सेल्स ऑफिसरकडे तक्रार गेली की ते तपासता येतात. कंपनीचा टोल-फ्री नंबर पंपावर लिहिलेलाच असतो. 2019 च्या त्या तीन गाड्यांपैकी एकाला इंजेक्टरचे पैसे मिळाले. बाकी दोघे गाडी चालवत घरी गेले, फिल्टर बदलला आणि मग तक्रार करायला आले, तोवर दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

तुमच्या गाडीचं उद्याचं सांगतो. बाटलीत थोडंसंच पाणी निघालं, पन्नास मिलीच्या आत, तर पुन्हा ड्रेन करा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत, मग हाताच्या प्रायमरने हवा काढून गाडी सुरू करा आणि आठवडाभर रोज सकाळी एक बाटली काढून बघत राहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आलं, किंवा बाटलीत काळी साय दिसली, तर टाकी उतरवायलाच लागेल, नुसता फिल्टर बदलून पैसे घालवू नका. डॅशबोर्डवर थेंबांचा पिवळा दिवा लागलेला असेल तर तो दिवा विझेपर्यंत गाडीत माल भरू नका. आणि शेडमध्ये ड्रम असेल तर उद्याच त्याच्या माथ्यावर गंजाचं वलय आहे का ते बघा.